गोळ्यांनी थायरॉईड आटोक्यात आला, मग डोळे का नाही? सिगरेट आधी सोडायला का सांगतात

प्रश्न: वय ३९, म्हापसा. चार महिन्यांपूर्वी थायरॉईड वाढलेला सापडला, ग्रेव्ह्ज म्हणाले. गोळ्या चालू आहेत, टी-फोर नॉर्मल आलाय. पण डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, सकाळी सुजतात, पाणी येतं. मला आयोडीनचा डोस घेऊन एकदाचं मोकळं व्हायचंय, पण डॉक्टर म्हणतात आधी सिगरेट पूर्ण बंद करा मग बघू. दिवसाला सात-आठच ओढतो, पूर्वी पंधरा होत्या. गळ्यातल्या ग्रंथीचा, डोळ्यांचा आणि सिगरेटचा संबंध काय? की सगळ्यांना सांगतात तसंच आहे? तंबाखूवर गेलो तर चालेल का?

मी डोळ्यांचा डॉक्टर, गोव्यातच वीसेक वर्षं काम करतोय, त्यात तिरळेपणा आणि डोळ्याच्या खोबणीचे आजार हे जास्त, त्यामुळे थायरॉईडचे डोळे सतत समोर असतात. तुम्हाला तपासलेलं नाही, म्हणून तुमच्या बाबतीत नेमकं काय करायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण ते अडून का बसलेत हे मी सांगू शकतो.

"सगळ्यांना सांगतात तसं" ही शंका मला कळते हो. गुडघा दुखतो म्हणून गेलं तरी सिगरेट सोडा, खोकला झाला तरी सिगरेट सोडा, ऐकून ऐकून माणूस ते कानाआड करायला शिकतो. पण ग्रेव्ह्जमध्ये डोळे धरलेले असतील तर सिगरेट बंद करणं ही उपचारातलीच एक पायरी असते, थायरॉईडसाठी घेता त्या कार्बिमाझोलच्या गोळीसारखी. ती पायरी गाळली की पुढचं सगळं कमी चालतं आणि आयोडीनचा डोस तर उलटूही शकतो.

आधी एक गाठ सोडवू. तुमच्या मनात असं आहे की थायरॉईड वाढला म्हणून डोळे आले, मग थायरॉईड खाली आला की डोळे आपोआप जागेवर जातील. तसं होत नाही. ग्रेव्ह्जमध्ये शरीर चुकून एक अँटीबॉडी बनवतं, ती थायरॉईडच्या पेशीवर जी टीएसएचची, म्हणजे थायरॉईडला काम सांगणाऱ्या मेंदूकडच्या हार्मोनची, कडी असते ना, तीच वाजवत बसते, आणि ग्रंथी बिचारी हार्मोन ओतत राहते. आता तशीच कडी डोळ्यामागच्या चरबीत आणि स्नायूंत असलेल्या काही पेशींवर पण आहे. तिथे ती वाजली की हार्मोन येत नाही, तिथल्या पेशी एक जेलीसारखा पदार्थ बनवायला लागतात जो पाणी ओढून धरतो, आणि काही पेशी चक्क चरबीच्या पेशी बनून जातात. साबुदाणा भिजत घातल्यावर भांड्यात कसा वर येतो, तसं. फक्त इथलं भांडं हाडाचं आहे, आत जेमतेम ३० मिली जागा, मागून आणि बाजूंनी हाड हटत नाही, मग फुगलेलं सगळं जाणार कुठे, तर पुढे. म्हणून डोळा बाहेर येतो.

कार्बिमाझोल ग्रंथीतलं हार्मोन बनणं थांबवतं, म्हणून तुमचा टी-फोर नॉर्मल आला. डोळ्यामागच्या त्या पेशींचं काम वेगळ्या रांगेत चालू आहे. रिपोर्ट चांगला आणि आरसा वाईट असं होऊ शकतं ते ह्यामुळे, आणि थोड्या लोकांत तर थायरॉईड नॉर्मल असतानाच डोळे आधी सुरू होतात. तरी गोळ्या नियमित घ्यायच्याच, कारण हार्मोन वर गेलेलं असो किंवा फार खाली, दोन्हीत डोळे बिघडतात. खाली गेलेलं लोक विसरतात, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता सिगरेट. १९९३ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ग्रेव्ह्जचे पेशंट आणि बाकीचे लोक ह्यांच्या सिगरेटच्या सवयी शेजारी ठेवून बघितल्या. धूम्रपान करणाऱ्यांत ग्रेव्ह्ज होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट निघाली, ठीक आहे, असं बऱ्याच आजारांत दिसतं. पण डोळ्यांचा आजार असलेला ग्रेव्ह्ज बघितला तर आकडा सातपटीच्या वर गेला. तेव्हापासून वेगवेगळ्या देशांतून हेच पुन्हा पुन्हा आलंय. आणि प्रयोगशाळेत डोळ्यामागच्या त्याच पेशींवर सिगरेटच्या धुराचा अर्क टाकून बघितला तर त्या जेली जास्त बनवतात आणि चरबीत जास्त बदलतात, म्हणजे आजार जे दोन उद्योग करतो तेच दोन्ही धूर वाढवतो. डोळ्याला धूर बाहेरून लागतो, डोळे चुरचुरतात, म्हणून सांगत असतील असं बऱ्याच जणांना वाटतं. चुरचुरणं तर होतंच, पण खरा मार्ग फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून खोबणीत असा आहे, त्यामुळे खिडकीत उभं राहून, तोंड बाहेर काढून ओढल्याने काही वाचत नाही.

ह्याचा अर्थ सिगरेट ओढली म्हणून तुम्हाला हे झालं असा नाही. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या कितीतरी बायका माझ्याकडे ह्याच डोळ्यांसाठी येतात. गोवा तर देशात सर्वात कमी तंबाखू वापरणारं राज्य, २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत ९.७ टक्के प्रौढ, तरी हा आजार इथे आहेच. तुमच्या हातात अँटीबॉडी नाही, वय नाही, पुरुष असणं नाही (पुरुषांत हा आजार कमी होतो पण झाला तर जास्त जोरात होतो). हातात आहे ती एवढी एक गोष्ट, म्हणून डॉक्टर तिच्याच मागे लागतात.

"पंधरावरून सात-आठवर आलो" ह्याबद्दल. मेहनत घेतलीत हे खरं आणि उपयोग शून्य आहे असंही नाही, जितक्या जास्त तितका डोळ्यांचा धोका जास्त हे दिसलेलं आहे. पण कमी केलेल्या सिगरेटा माणूस नकळत जास्त खोल ओढतो, फिल्टरपर्यंत ओढतो, आणि आत जाणारा धूर अर्धा झालेला नसतो. दुसरं म्हणजे, आणि ही तुमच्या फायद्याची गोष्ट आहे, ह्या आजारात जन्मभर एकूण किती ओढल्या त्यापेक्षा सध्या किती ओढताय ह्याला जास्त महत्त्व असल्याचं दिसतं. पूर्वी ओढून आता सोडलेल्या लोकांत धोका स्पष्ट कमी सापडलाय. फुप्फुसाच्या बाबतीत वीस वर्षांचा हिशोब मागे लागतो, इथे तसा लागत नाही. म्हणून "आता सोडून काय होणार" हे वाक्य ह्या आजारात चालत नाही.

मग "आधी"च का? डोस घेऊन सोडतो ना, घाई काय? ह्याची दोन कारणं आहेत, आणि दुसरं समजायला पहिलं लागतं.

पहिलं कारण वेळेचं. हा आजार कायमचा धगधगत राहत नाही. साधारण वर्ष-दोन वर्षं तो चालू असतो, म्हणजे सूज, लाली, दुखणं, रोज थोडा बदल, आणि मग स्वतःहून थंड होतो. सिगरेट ओढणाऱ्यांत हा काळ लांबतो. थंड होताना सुजलेल्या स्नायूंत चट्टे पडतात, ते आखडतात, आणि जे आखडलं ते औषधाने परत सैल होत नाही, मग ऑपरेशनच. चवथीच्या आधी चित्रशाळेत जाऊन बघा, माती ओली आहे तोवर मूर्तिकार गणपतीचं नाक बोटाने सरळ करतो, एकदा सुकली की फक्त घासायचं आणि रंगवायचं. तुमची माती आत्ता ओली आहे, चौथा महिना, सकाळी सूज येते म्हणजे चालू आहे. ह्या काळात सोडलेल्या सिगरेटची किंमत दोन वर्षांनी सोडलेल्या सिगरेटपेक्षा कितीतरी जास्त.

दुसरं कारण आयोडीनचा डोस. रेडिओआयोडीन म्हणजे किरणोत्सारी आयोडीन प्यायला देतात, ते थायरॉईडमध्ये जाऊन तिथल्या पेशी मारतं. चांगला उपचार आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्या पेशी मरताना आतला माल बाहेर पडतो, शरीर त्यावर आणखी चवताळतं, आणि तीच अँटीबॉडी पुढचे कित्येक महिने वाढलेली राहते. गळ्यातलं काम आटपतं आणि डोळ्यामागे कडी जोरात वाजायला लागते. इटलीतल्या डॉक्टरांनी १९९८ साली डोळ्यांचा आजार अगदी सौम्य असलेल्या पेशंटांत आयोडीननंतर काय झालं ते सिगरेटप्रमाणे वेगळं करून छापलं. न ओढणाऱ्यांत डोळे बिघडले सुमारे ६ टक्के लोकांचे, ओढणाऱ्यांत २३ टक्के. शंभरातले सहा आणि शंभरातले तेवीस. त्याच गटाने आधीच जास्त बिघडलेल्या डोळ्यांवर स्टिरॉइड आणि किरणं दिली, त्यात न ओढणाऱ्यांतल्या ९४ टक्के लोकांना फरक पडला, ओढणाऱ्यांतल्या ६८ टक्के. म्हणजे ओढणाऱ्याचा बिघडतो जास्त आणि बिघडल्यावर सुधारतो कमी. तुमचे डॉक्टर अडून बसलेत ते ह्या दोन आकड्यांवर, हे मी पैज लावून सांगतो.

आता माझ्याकडचा एक पेशंट सांगतो, ओळख पटू नये एवढं बदलून. डिचोलीकडचा, चव्वेचाळीस वर्षांचा, स्वतःचा टिपर चालवायचा, दिवसाला बारा-पंधरा सिगरेटी. डोळे लाल, पाणी, चुरचुर, म्हणून चार महिने कुठेतरी अ‍ॅलर्जीचे थेंब घालत होता. माझ्याकडे आला तेव्हा पापण्या वर ओढलेल्या, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसतंय, डोळा किती पुढे आलाय त्या मोजपट्टीवर उजवा डोळा २२, डावा २० मिलिमीटर. फिजिशियनने कार्बिमाझोल सुरू केलं, दोन-अडीच महिन्यांत टी-फोर नॉर्मल. डोळ्यांचा आजार तेव्हा सौम्य होता. मी त्याला काय सांगितलं तर "सिगरेट कमी करा". हे माझं वाक्य. त्याने कमी केली, चार-पाचवर आणली, मला आनंदाने सांगितलं, आणि मी पण शाबासकी देऊन पुढच्या पेशंटला बोलावलं.

मग त्याला गोळ्यांचा कंटाळा आला. राज्याबाहेर जाऊन त्याने आयोडीनचा डोस घेतला, डोळे सौम्य म्हणून बरोबर स्टिरॉइडचं संरक्षण दिलं गेलं नाही, सिगरेट चालूच. गोव्यात परत आल्यावर "आता झालं" म्हणून रक्त तपासायला तीन महिने गेलाच नाही. परत माझ्याकडे आला तो बायकोबरोबर. खुर्चीत बसला तर हनुवटी वर, नाकाच्या टोकावरून बघतोय. बायको म्हणाली, "डॉक्टर, वाड्यावरचे लोक म्हणतात ह्याला हल्ली गर्व झालाय, मान वर करून बोलतो." गर्व कसला, डोळ्याखालचा स्नायू सुजून आखडत चालला होता, डोळा वर फिरत नव्हता, समोर बघितलं की दोन दिसायचं आणि हनुवटी वर केली की दोनाचं एक व्हायचं, म्हणून त्याची मान स्वतःच तो मार्ग शोधून बसली होती. ह्या आजारात सर्वात जास्त धरतो तो हाच खालचा स्नायू, त्यामुळे हनुवटी वर केलेला ग्रेव्ह्जचा माणूस दिसला की मी कागद बघायच्या आधीच ओळखतो.

तपासलं तर पापण्या लाल, डोळ्याच्या पांढऱ्यावरचा पडदा पाण्याने फुगलेला, डोळा फिरवला की दुखतंय. ह्या खुणांना एकेक मार्क देऊन सातपैकी गुण मोजतात, तीन किंवा जास्त आले की आजार चालू आहे असं धरतात. त्याचे पाच आले. टीएसएच ३८. म्हणजे आयोडीनने थायरॉईड मारला, हार्मोन पार खाली गेलं, ती कमी भरून काढणारं थायरॉक्सिन कोणी सुरू केलं नाही, आणि वर गेलेला टीएसएच स्वतः पण त्याच कडीवर बसतो. तीन गोष्टी एकाच वेळी डोळ्यावर आल्या, डोस, खाली गेलेलं हार्मोन आणि धूर. ह्यातल्या दोन तरी टाळता आल्या असत्या आणि एक माझ्या ओपीडीतून निसटली होती.

पुढे बारा आठवडे, आठवड्याला एकदा शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, पहिले सहा आठवडे अर्धा ग्रॅम आणि पुढचे सहा पाव ग्रॅम, साखर, बीपी आणि लिव्हरच्या तपासण्या करत करत. चार आठवड्यांनी फरक अगदी थोडा होता. तेव्हा मी त्याला वरचे दोन आकडे कागदावर लिहून दिले, ६ आणि २३, ९४ आणि ६८, बाकी भाषण केलं नाही. पाचव्या आठवड्यात त्याने सिगरेट पूर्ण बंद केली. त्यानंतर सूज उतरली, लाली गेली, पण हे सिगरेटने झालं की उरलेल्या औषधाने हे एका माणसावरून सांगता येत नाही आणि मी सांगणार पण नाही. दुहेरी दिसणं मात्र पूर्ण गेलं नाही. सहा महिने माप स्थिर राहिल्यावर खालच्या स्नायूचं ऑपरेशन केलं, आता समोर आणि वाचताना एक दिसतं, वर बघितलं की अजून दोन. टिपर विकला, गावात हार्डवेअरचं दुकान टाकलंय. त्याच्यानंतर मी "कमी करा" म्हणायचं बंद केलं, तारीख ठरवून घेतो.

सोडण्याबद्दल एक गोष्ट जी ग्रेव्ह्जवाल्यांना कोणी सांगत नाही. थायरॉईड वाढलेला असतो तेव्हा धडधड, हात थरथरणं, चिडचिड, झोप न लागणं हे सगळं असतं. सिगरेट सोडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत चिडचिड आणि झोपमोड तीच होते. माणसाला वाटतं सोडल्यामुळे आजार वाढला आणि तो गाड्यावर जाऊन परत पाकीट घेतो. तुमचा टी-फोर नॉर्मल आलाय म्हणजे हा गोंधळ तुमच्या बाबतीत कमी होईल, सोडायला ही वेळ उलट चांगली आहे. धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल चालू असेल तर ते मनाने थांबवू नका. आणि चहा! सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीन लवकर मोडतं, धूर बंद झाला की तेच चार कप चहा-कॉफी अंगात जास्त वेळ राहतात, मग रात्री डोळा लागत नाही आणि दोष सिगरेट सोडण्यावर येतो. सोडायच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. साधी गोष्ट आहे पण माझ्या अनुभवात बऱ्याच जणांना ह्यानेच तारलंय.

निकोटीनची च्युइंगम चालते. सात-आठ सिगरेटवाल्याला २ मिलिग्रॅमची पुरते. ती पानासारखी चघळायची नाही, दोन-चारदा चावून तोंडात चुणचुण आली की गालाकडे दाबून ठेवायची, चुणचुण गेली की परत चावायची, अर्धा तास. सतत चघळली तर निकोटीन पोटात जातं, उचक्या आणि मळमळ होते, आणि लोक म्हणतात च्युइंगम सोसत नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा अजून फार वेगात असतील तर मात्र फिजिशियनला विचारून घ्या. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर खरोखर चालतो, समुपदेशक बोलतात आणि नंतर स्वतःहून फोन पण करतात, फुकट.

तंबाखूवर जाऊ का, ह्याचं उत्तर सरळ आहे, जाऊ नका. डोळ्यांबद्दल वर सांगितलेला सगळा अभ्यास धुराचा आहे, त्यामुळे मळलेल्या तंबाखूने डोळे तितकेच बिघडतात असं मी म्हणत नाही. पण तोंडाचा कॅन्सर तिथे वाट बघत असतो, आणि मी बघितलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाची मळलेली तंबाखू सहा महिन्यांत परत सिगरेटीवर आली. च्युइंगमचा डोस ठरलेला असतो आणि तो कमी करत नेता येतो, पुडीचं तसं नाही. घरात दुसरं कोणी ओढत असेल तर त्यांनाही बाहेर पाठवा. युरोपात लहान मुलांच्या ग्रेव्ह्जचा अभ्यास झाला तेव्हा ज्या देशांत पोरंसोरं जास्त सिगरेट ओढतात तिथे मुलांचे डोळे जास्त धरलेले सापडले, आणि अगदी लहान मुलांच्या बाबतीत दुसऱ्यांच्या धुरावरच संशय गेला.

आयोडीनचं काय ते आता बोलू. हे परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या डोळ्यांचा आजार सौम्य आणि थंड होत आलेला असेल, सिगरेट बंद असेल, तर बरेच डॉक्टर प्रेडनिसोलोन ह्या स्टिरॉइडच्या संरक्षणाखाली डोस देतात, डोसबरोबर सुरू करून हळूहळू कमी करत साधारण तीन महिन्यांत बंद. डोळे मध्यम किंवा तीव्र आणि चालू असतील तर डोस टाळतात, गोळ्या दीड वर्षापर्यंत चालवतात किंवा ग्रंथी मोठी असेल तर ऑपरेशनचा विचार करतात. म्हणजे "मोकळं व्हायचंय" ह्याचा आयोडीन हा एकच रस्ता नाही. आणि मोकळं म्हणाल तर आयोडीननंतर बहुतेकांना थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते, कार्बिमाझोलची जागा दुसरी गोळी घेते, एवढंच. डोस घेतलात तर महिना-सव्वा महिन्याने पहिलं रक्त तपासा आणि पुढेही तपासत राहा, त्या टिपरवाल्यासारखं तीन महिने थांबू नका. डॉक्टरांना जाऊन तीन गोष्टी विचारा: माझ्या डोळ्यांचे सातपैकी गुण किती, अँटीबॉडी म्हणजे टीआरएबी किती, आणि डोस दिलात तर स्टिरॉइड देणार का. ह्या तीन उत्तरांवरून बाकीचं ठरतं.

किती दिवस सिगरेट बंद राहिली की डोस देतात, ह्याचा छापील आकडा नाही. मी माझ्या पेशंटांना तीन महिने म्हणतो, त्यात शास्त्रापेक्षा अनुभव जास्त आहे, तीन महिने टिकलेला माणूस सहसा पुढेही टिकतो. काही जण खोटं सांगतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण माझ्या टेबलावर श्वासातला कार्बन मोनॉक्साईड मोजायचं छोटं यंत्र आहे, फुंकर मारली की आकडा येतो. मी ते पकडायला वापरत नाही. सोडल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा खाली आलेला बघून माणसाचा चेहरा खुलतो त्यासाठी ठेवलंय. ते फक्त मागच्या एखाद्या दिवसाचं सांगतं हे माझ्या हुशार पेशंटांना पण कळलेलं आहे, ते तपासणीच्या आदल्या दिवशी ओढत नाहीत.

दरम्यान डोळ्यांसाठी. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री जेल किंवा मलम, कारण पापण्या पूर्ण मिटत नसतील तर झोपेत बुबुळ सुकतं. बायकोला किंवा आईला सांगा रात्री टॉर्च न मारता बघायला, फटीतून पांढरं दिसतंय का. उशाशी दोन उशा घ्या, सकाळची सूज कमी होते. स्कूटरवर काचेचं हेल्मेट नाहीतर बंद बाजूंचा गॉगल, वाऱ्याने हे डोळे फार लवकर कोरडे पडतात. दुहेरी दिसायला लागलं तर गाडी त्याच दिवसापासून बंद. सौम्य आजारात सहा महिने सेलेनियम देतात, १०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, ते पण विचारून, सिगरेट चालू ठेवून त्याच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. आणि दर महिन्याला एकाच खिडकीसमोर, एकाच अंतरावरून, समोरून आणि बाजूने मोबाईलवर फोटो काढा, शिवाय दोन-तीन वर्षांपूर्वीचा एखादा लग्नातला फोटो शोधून ठेवा. आरशात रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही, आम्हाला फोटोंच्या रांगेत लगेच कळतो.

शेवटची एक तपासणी घरी करायची, आठवड्यातून दोनदा, दोन मिनिटं लागत नाहीत. लाल झाकणाची बाटली घ्या, उजेडात धरा, आधी उजवा डोळा झाकून बघा मग डावा. दोन्ही डोळ्यांना लाल सारखंच लाल दिसलं पाहिजे. एका डोळ्याला ते फिकट, विटकरी किंवा धुतल्यासारखं दिसत असेल, किंवा एका डोळ्याचं दिसणं मंद झालं असेल, तर खोबणीच्या टोकाशी सुजलेले स्नायू डोळ्याची नस दाबत असू शकतात. डोळा फार बाहेर आलेला नसतानाही हे होतं, कधी कधी तर अशाच डोळ्यात होतं, कारण पुढे सरकून दाब मोकळा झालेला नसतो. तेव्हा ओपीडीची तारीख बघत बसू नका, गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत किंवा जवळच्या डोळ्याच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जा आणि दारातच सांगा की मला ग्रेव्ह्ज आहे आणि लाल रंग एका डोळ्याने फिका दिसतोय.